ग्रॅमभर नाणं आणि झिजणारं युनिट

गुरुवारी पुष्य नक्षत्र आलं की पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर सराफांकडे सकाळपासूनच वर्दळ असते. पाटल्या, तोडे, मंगळसूत्रं बघणारी मंडळी आत गालिच्यावर बसलेली असतात आणि एका काउंटरवर वेगळीच रांग लागलेली असते. तिथल्या लोकांना काही बघायचं नसतं आणि निवडायचंही नसतं. ‘एक ग्रॅम द्या’ एवढंच म्हणायचं, पैसे द्यायचे आणि नखाएवढं नाणं किंवा जुन्या वळणाचं वेढणं पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकून निघायचं. घरी देवापुढे ठेवून हळद-कुंकू वाहिलं की ते कपाटात जातं. पुढचा गुरुपुष्यामृत येईपर्यंत त्याची आठवणही होत नाही.

थेंबे थेंबे सोनं साठवायची ही रीत महाराष्ट्राला चांगली ओळखीची आहे. अलीकडे मात्र त्याच घरातला मुलगा किंवा भाचा म्हणतो, ‘आई, नाणी कशाला? गोल्ड ईटीएफ घे ना.’ आई विचारते, ‘ते हातात येतं का?’ आणि बोलणं तिथंच थांबतं. खरं तर इथून पुढे हिशेब सुरू व्हायला हवा. सोनं दोन्हीकडे तेच आहे आणि भावही तोच. फरक आहे तो वाटेत सोनं कुठे आणि किती कापलं जातं याचा.

अशा रांगेतली एक शिक्षिका डोळ्यांसमोर आणू. दर महिन्याला एक ग्रॅम घ्यायचा तिचा नेम आहे. सोन्याचा भाव रोज बदलतो, म्हणून हिशेबापुरता चोवीस कॅरेटचा भाव ग्रॅमला 10,000 रुपये धरू. शून्यं सोयीची पडतात. तिच्या हातातल्या बिलावर पहिली ओळ 10,000 ची. दुसरी ओळ घडणावळीची. नाण्याला कसली घडणावळ, असं वाटेल. पण पत्रा काढणं, ठसा मारणं, कस तपासणं आणि सीलबंद पाकिटात घालणं यांचे पैसे लागतातच. एका ग्रॅमला चार टक्के धरले तर 400 रुपये झाले. या बेरजेवर तीन टक्के जीएसटी म्हणजे 312 रुपये. एकूण 10,712.

आता समजा, रस्ता ओलांडायच्या आतच तिला पैशांची गरज पडली आणि ती तेच नाणं मोडायला परत आत गेली. सराफ मोडीचा भाव लावणार. ही कपात कुठे शून्य असते, कुठे दोन-तीन टक्के. आपण दोन धरू. हातात येतील 9,800. अर्ध्या तासात 912 रुपये गेले आणि त्यात कुणी कुणाला फसवलंही नाही. घडणावळ कारागिरीची होती, जीएसटी सरकारचा आणि कपात दुकानाची. शिक्षिकेला आपले पैसे नुसते सुटायचे असतील तरी सोन्याचा भाव नऊ टक्क्यांहून जास्त वाढावा लागेल.

इथे लहान नाण्याची एक खोड लक्षात घ्यायला हवी. ठसा मारायचं आणि पाकीट बंद करायचं काम एक ग्रॅमला आणि दहा ग्रॅमला जवळपास सारखंच पडतं. त्यामुळे नाणं जितकं छोटं, तितकी घडणावळीची टक्केवारी मोठी. अर्ध्या ग्रॅमचं नाणं भेट द्यायला छान आहे, पण साठवायला महाग पडतं. दहा ग्रॅमच्या नाण्यावर हीच घडणावळ एक टक्क्याच्या आसपास उतरू शकते आणि एखादं दुकान सणाला ती माफही करतं. म्हणजे ज्याच्याकडे एकदम दहा ग्रॅमचे पैसे आहेत त्याला सोनं स्वस्त मिळतं आणि जो महिन्याला ग्रॅमभर घेतो त्याला महाग. गरिबाच्या किराण्याचं जे होतं, तेच इथेही होतं.

मोडतानाच्या कपातीबद्दल आणखी दोन गोष्टी रांगेतल्या माणसाला सहसा कुणी सांगत नाही. बँकेतून घेतलेलं नाणं बँक परत घेत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ती मुभाच नाही. परदेशी टांकसाळीचं सुंदर पाकीट, सोबत प्रमाणपत्र, वर बँकेचं नाव, या सगळ्याचे पैसे खरेदीच्या वेळी मोजलेले असतात. विकायची वेळ आली की ते नाणं सराफाकडेच जातं आणि सराफ त्याला साधं सोनं म्हणून तोलतो. दुसरी गोष्ट शुद्धतेची. दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती 2021 पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाली. नाणं आणि लगड यांना मात्र त्या सक्तीतून वगळलेलं आहे. म्हणून नाण्यावर 999 आहे, 995 आहे की 916, हे आपणच वाचायचं. 916 म्हणजे बावीस कॅरेट. लक्ष्मीची छाप असलेलं बावीस कॅरेटचं नाणं चोवीसच्या भावानं गळ्यात पडलं, तर आठ टक्क्यांहून जास्त सोनं तिथल्या तिथे गेलं.

आता भाच्याच्या बाजूनं बघू.

गोल्ड ईटीएफ म्हणजे सोनं विकत घेऊन तिजोरीत ठेवणारा म्युच्युअल फंड, ज्याचे बारीक तुकडे शेअरसारखे बाजारात विकले-घेतले जातात. भारतात त्याची सुरुवात मार्च 2007 मध्ये बेंचमार्क म्युच्युअल फंडाच्या ‘गोल्ड बीज’नं झाली. या मंडळींनी सेबीकडे पहिला प्रस्ताव 2002 मध्येच दिला होता, पण मंजुरी मिळेपर्यंत ऑस्ट्रेलियानं 2003 मध्ये असा फंड बाजारात आणूनही दाखवला. सोन्याचं वेड आपलं आणि पहिला मान दुसऱ्याचा! पुढे बेंचमार्क विकली गेली, मालक बदलत गेले. आज तोच फंड निप्पॉन इंडियाच्या नावानं चालतो आणि बाजाराच्या पडद्यावर GOLDBEES या नावानं दिसतो.

अशा फंडाला आपल्या पैशांतले किमान 95 टक्के सोन्यात आणि सोन्याशी निगडित साधनांत ठेवावे लागतात. सोनं 995 किंवा त्याहून शुद्ध असावं लागतं. ते फंडाच्या कपाटात नसतं, वेगळ्या अभिरक्षकाच्या तिजोरीत असतं आणि लेखापरीक्षक दर सहा महिन्यांनी ते प्रत्यक्ष मोजून अहवाल देतात. मोबाइलच्या पैसे भरायच्या ॲपवर दहा रुपयांत मिळणारं ‘डिजिटल गोल्ड’ ते हे नव्हे. त्या डिजिटल सोन्यावर आपली देखरेख नाही, असं सेबीनं नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीरपणे बजावलं आहे. नावं सारखी वाटतात म्हणून घोटाळा होतो, एवढ्यासाठीच हे सांगितलं.

शिक्षिकेनं तेच 10,712 रुपये ईटीएफमध्ये घातले तर? युनिटवर जीएसटी नाही आणि घडणावळ नाही. दलाली, बाजाराचं किरकोळ शुल्क आणि मागणी-पुरवठ्याच्या भावातला फरक मिळून वीस रुपये गेले असं धरू. उरलेल्या पैशांत तिला सुमारे 1.07 ग्रॅम सोन्याइतकी युनिटं मिळतात. त्याच पैशांत नाण्यातलं सोनं एकच ग्रॅम होतं. पहिल्याच दिवशी सात टक्के जास्त सोनं.

इथं पोचल्यावर बहुतेक सल्लागार थांबतात आणि ईटीएफच्या गळ्यात माळ घालतात. ते घाईचं आहे.

कारण नाणं झिजत नाही आणि युनिट झिजतं. हे अलंकारिक बोलणं नाही, अक्षरशः होतं. तिजोरीचं भाडं, विमा, लेखापरीक्षण आणि फंड चालवणाऱ्यांचा मोबदला यासाठी फंड दरवर्षी काही टक्का घेतो. हे पैसे तो आपल्याकडे मागायला येत नाही. तिजोरीतलं तेवढं सोनं कमी होतं आणि त्याची वजावट रोज थोडी थोडी होत राहते. हा खर्च फंडागणिक वेगळा आहे. कुठे वर्षाला 0.3 टक्का, कुठे 0.8 च्या घरात. सेबीची मर्यादा एक टक्क्याच्या आसपास आहे.

झीज डोळ्यांनी बघता येते. ‘गोल्ड बीज’चं एक युनिट सुरू झालं तेव्हा एक ग्रॅमचं होतं. डिसेंबर 2019 मध्ये त्याचे शंभर तुकडे केले, म्हणजे कागदावर एक युनिट एक शतांश ग्रॅमचं. आज त्याच्या शंभर युनिटांची किंमत काढून सोन्याच्या जीएसटी नसलेल्या ग्रॅमच्या भावाशेजारी ठेवली, तर ती कमी भरते. तो फरक म्हणजे 2007 पासून दरवर्षी दिलेलं भाडं. वर्षाला 0.8 टक्का धरला तर पंधरा वर्षांत एका ग्रॅमचा सुमारे 0.89 ग्रॅम उरतो. खात्यात युनिटांचा आकडा तोच दिसतो, भाव वाढत असल्यानं रुपयेही वाढलेले दिसतात, म्हणून झीज कुणाला जाणवत नाही. उंबरठ्यावरचा दगड झिजलेला कुठे रोज दिसतो?

तर प्रश्न असा मांडता येतो: नाण्याचं सोनं दारात एकदा कापलं जातं, जाताना पुन्हा थोडं कापलं जातं आणि मधली वर्षं ते अखंड राहतं. युनिट दारातून जवळपास पूर्ण आत येतं आणि मग रोज झिजतं. या दोन रेघा कुठेतरी एकमेकींना छेदणारच. कुठे?

शिक्षिकेच्या एक ग्रॅमच्या नाण्याचा हिशेब पुढे नेऊ. फंडाचा खर्च वर्षाला 0.7 टक्का धरला आणि शेवटी दोन्ही विकून रोख पैसे घ्यायचे असतील, तर ईटीएफ साधारण बारा वर्षं पुढे राहतो. बाराव्या वर्षाच्या आसपास त्याची झीज नाण्याच्या दोन्ही कापांइतकी होते आणि त्यानंतर नाणं पुढे जातं. अर्धा टक्का खर्चाचा फंड निवडला तर ही वेळ सतरा वर्षांवर जाते. नाणं मात्र दहा ग्रॅमचं असेल आणि घडणावळ एक टक्काच असेल, तर चित्र पालटतं: 0.7 टक्क्याच्या फंडाला ते आठव्या वर्षीच गाठतं. भाव वाढो की पडो, या हिशेबात फरक पडत नाही, कारण आपण रुपये मोजतच नाही आहोत. शेवटी विकताना पदरात किती ग्रॅमचे पैसे पडतात, एवढंच मोजतो आहोत.

मग लांब पल्ल्याला नाणंच बरं, असं म्हणायचं का? एकरकमी घेणाऱ्यानं तसं म्हणायला हरकत नाही. पण शिक्षिका एकरकमी घेत नाही, ती दर महिन्याला घेते, आणि हळूहळू साठवणाऱ्याचा खरा पेच तिथंच आहे. तिचा बेत दहा वर्षांचा असला तरी तिचं प्रत्येक नाणं दहा वर्षं जुनं नसतं. पहिल्या महिन्याचं नाणं दहा वर्षं थांबतं, शेवटच्या महिन्याचं चार आठवडे. सरासरी काढली तर तिचं सोनं पाचच वर्षं थांबलेलं असतं आणि पाच वर्षांत छोट्या नाण्याचा काप भरून निघत नाही.

दहा वर्षांत तिच्याकडे 120 नाणी होतील, म्हणजे 120 ग्रॅम. मोडायला नेली तर दोन टक्के कपातीनंतर 117.6 ग्रॅमचे पैसे मिळतील. तेवढेच रुपये तिनं त्या त्या महिन्यात ईटीएफमध्ये घातले असते, तर सगळी झीज वजा जाऊन आणि विकायचा खर्च धरूनही सुमारे 123.6 ग्रॅमचे पैसे हातात आले असते. सहा ग्रॅमचा फरक पडला. दहा वर्षांच्या नेमातून जवळपास अर्ध्या वर्षाची बचत काउंटरवरच राहिली.

हे आकडे गृहीतकांवर उभे आहेत आणि ती बदलली की उत्तरही बदलतं. एखाद्या सराफाकडे घडणावळ शून्य आणि आपलंच नाणं पूर्ण भावानं परत घ्यायची हमी असेल, तर वरच्या हिशेबातला मोठा काप जवळपास जीएसटीपुरताच उरतो. अशा वेळी ही हमी बिलावर लिहून घ्यावी. पूर्ण भाव रोखीसाठी आहे की फक्त नवा दागिना घेताना, हे आधीच विचारावं. बहुधा दुसरंच असतं.

या दागिन्याच्या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं, कारण नाणी साठवणाऱ्या घरात शेवटचं उत्तर हेच असतं: ‘विकायचंय कुणाला? मुलीच्या लग्नात दागिने करू.’ नाणी देऊन दागिना घेतला की जीएसटी वाचतो, असा समज घट्ट आहे. प्रत्यक्षात नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर जीएसटी लागतो. नाण्यांची किंमत त्यानंतर बिलातून वजा होते. म्हणजे नाणं घेताना एकदा आणि त्याच सोन्याचा दागिना घेताना पुन्हा एकदा. शिवाय दागिन्याची घडणावळ वेगळी. आणि प्राप्तिकराच्या दृष्टीनं अदलाबदल हीसुद्धा विक्रीच, तिथेही नफ्याचा हिशेब लागतो. सोन्याचा शेवट दागिन्यातच होणार असेल, तर मधली वर्षं ते युनिटांत ठेवणाऱ्याचं नुकसान काही नाही. उलट एक जीएसटी वाचतो.

करात दोघांमध्ये आता फार अंतर राहिलेलं नाही. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पानं सोन्याच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्क्यांचा दर आणला आणि महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून घ्यायची जुनी सवलत काढली. नाण्याला ‘दीर्घकालीन’ म्हणवून घ्यायला दोन वर्षं थांबावं लागतं, बाजारात नोंदलेल्या ईटीएफला एकच वर्ष. त्याआधी विकलं तर नफा उत्पन्नात मिळतो आणि आपल्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. खरा फरक कागदांचा आहे. ईटीएफच्या प्रत्येक खरेदीची तारीख आणि किंमत खात्यात आपोआप नोंदलेली असते. नाण्यांची 120 बिलं मात्र स्वतः सांभाळायची, आणि थर्मल कागदावरची असली तर आधी झेरॉक्स काढून. दोन उन्हाळ्यांत तो कागद कोरा होतो.

नाण्याला वार्षिक खर्च नाही असं वर म्हटलं, त्यात एक पळवाट आहे. ते घरातच किंवा आधीपासून असलेल्या लॉकरमध्ये ठेवलं, तरच नाही. दीड-दोन लाखांच्या नाण्यांसाठी वर्षाला तीन हजार रुपये भाड्याचा लॉकर नवा घेतला, तर ते भाडं फंडाच्या खर्चाच्या दुप्पट-तिप्पट होतं आणि मग नाणं ईटीएफला कधीच गाठत नाही. लॉकरमधला ऐवज बँक मोजत नाही आणि त्याचा विमाही उतरवत नाही. आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत, हा नियम 2022 पासून आहे. तीन हजार भाडं असेल तर कमाल तीन लाख. शिक्षिकेची 120 नाणी त्याच्या चौपट किमतीची आहेत.

ईटीएफच्या बाजूलाही खर्चाचे बारीक काटे आहेत. डिमॅट खात्याचं वार्षिक शुल्क हा त्यातला एक. सप्टेंबर 2024 पासून चार लाखांपर्यंतच्या मूलभूत सेवा खात्याला ते माफ आहे, पण त्यासाठी आपलं एकच खातं असावं लागतं. डिमॅट नकोच असेल तर गोल्ड फंड असतो. तो आपल्या वतीनं ईटीएफ घेतो आणि दरमहा पाचशे रुपयांचीही एसआयपी चालते. फक्त त्याचा स्वतःचा खर्च ईटीएफच्या खर्चावर चढतो, म्हणजे झीज थोडी वाढते.

नवख्या माणसाला ईटीएफमध्ये खरा फटका बसतो तो खरेदीच्या क्षणी. युनिटाची एक किंमत तिजोरीतल्या सोन्यावरून निघते आणि दुसरी बाजारात बोलीवरून ठरते. मोठे दलाल या दोन किमतींमधली फट बुजवत असतात, पण ती नेहमीच बुजते असं नाही. शेअर बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो आणि साडेतीनला बंद होतो. सोनं मात्र लंडन-न्यूयॉर्कमध्ये रात्रभर फिरत असतं. म्हणून सकाळची पहिली काही मिनिटं भाव कुठेही लागलेला असतो. ऑक्टोबर 2025 मध्ये चांदीच्या बाबतीत हे ठळकपणे दिसलं. दिवाळीच्या तोंडावर मागणी इतकी वाढली आणि चांदी इतकी आटली, की चांदीचे ईटीएफ आतल्या चांदीहून बऱ्याच चढ्या भावानं विकले जात होते. काही फंडांनी आपल्या चांदीच्या योजनांमध्ये नवे एकरकमी पैसे घेणंच थांबवलं. त्या आठवड्यात घाईनं घेणाऱ्यांनी घडणावळीपेक्षाही मोठा काप स्वतःच्या हातानं दिला.

यावर उपाय सोपा आहे आणि त्याला दोन मिनिटं लागतात. फंडाच्या संकेतस्थळावर दिवसभर बदलत जाणारी आतल्या सोन्याची किंमत दिसते, तिला iNAV म्हणतात. ती बघायची, दहा-साडेदहानंतर ऑर्डर टाकायची आणि ‘मार्केट’ऐवजी ‘लिमिट’ निवडून त्याच किमतीच्या जवळचा आकडा लिहायचा. रोज भरपूर युनिटं हलतात असाच ईटीएफ निवडायचा. खर्च सर्वांत कमी, पण दिवसभरात गिऱ्हाईक नाही, अशा फंडात वाचवलेला पाव टक्का विकताना एका फटक्यात जातो.

ईटीएफला जमत नाही असंही काही आहे. रात्री दवाखान्यात पैसे भरायची वेळ आली तर युनिट उपयोगी पडत नाही. बाजार उघडायला हवा. सोनेतारण कर्ज युनिटांवर मिळत नाही. नाण्यांवर मिळतं, पण पन्नास ग्रॅमपर्यंतच. पेढीवरून घेतलेलं वेढणं बँकेच्या काउंटरवरून परत येऊ शकतं. तारण ठेवायला अजूनही दागिनाच खरा. भाच्याला विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तरही इथेच देऊन टाकू: नाही, हातात येत नाही. युनिटं देऊन सोनं मागायची सोय किलोच्या हिशेबातल्या बड्या व्यवहारांपुरतीच आहे. शंभर ग्रॅमवाल्याला रुपयेच मिळणार.

आणि एक गोष्ट कुठल्याच हिशेबात बसत नाही. नाणं विकायचं म्हणजे कपाट उघडायचं, डबी काढायची, घरात बोलायचं, दुकानात जायचं आणि सराफाच्या नजरेला नजर द्यायची. या पाच पायऱ्यांवर निम्मे बेत गळून पडतात. युनिट अंगठ्यानं विकलं जातं. 2013 च्या ऑगस्टमध्ये दहा ग्रॅमचा भाव 33-34 हजारांवर गेला, पुढे 2015 मध्ये पंचवीस हजारांच्या आसपास घसरला आणि जुनी पातळी ओलांडायला 2019 उजाडलं. त्या साडेपाच वर्षांत रोज पडद्यावर लाल आकडा बघणं आणि कपाटातल्या डबीला विसरून जाणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी होत्या. जुलै 2024 मध्ये आयात शुल्क पंधरावरून सहा टक्क्यांवर आलं तेव्हा भाव एका दिवसात काही हजारांनी खाली आला. तो नाण्याचाही आला आणि युनिटाचाही. पण तो पाहिला फक्त युनिटवाल्यानं.

म्हणून शिक्षिकेसारख्या घरात एक मधली वाट चालू शकते. दरमहाचे पैसे कमी खर्चाच्या ईटीएफमध्ये जातात आणि हजार-अकराशे युनिटं साठली की, म्हणजे दहा ग्रॅमचं सोनं झालं की, वाटलं तर ती विकून एकच मोठं नाणं घ्यायचं. घडणावळीची टक्केवारी खाली येते, डबीत ठेवायला काहीतरी मिळतं आणि मुहूर्तही साधता येतो. मात्र त्या युनिटांना वर्ष झालेलं असावं. जी आधी घेतली ती आधी विकली गेली, असा नियम असल्यानं जुनी युनिटंच पुढे होतात, ही त्यातली सोय. वाराचं गणितही आधीच जुळवावं लागतं. आज विकलेल्या युनिटांचे पैसे दलालाकडे पुढच्या कामकाजाच्या दिवशी येतात आणि तिथून बँकेत यायला आणखी एखादा दिवस जातो. गुरुपुष्यामृत गुरुवारी असतो, तेव्हा युनिटं सोमवारी विकावीत. मंगळवारी विकली तर बुधवारी रात्रीपर्यंत मोबाइल बघत बसायची तयारी ठेवावी.